विशीमागं पाच

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट आणि वर शहाणपणाची घमेंड. म्हणजे आधीच मर्कट, तशात मद्य प्यालेला. वयाच्या चोविसाव्या वर्षी मला मार्गासनीच्या बाजूला एका लहान गावात मास्तरकी मिळाली. देवळाच्या ओवरीत शाळा, चार इयत्ता, एक मास्तर. गावात लिहिता-वाचता येणारी माणसं माझ्याखेरीज दोन, त्यातल्या एकाला दिसत नव्हतं. त्यामुळे गावाची पत्रं मीच लिहायचो आणि आलेली मीच वाचून दाखवायचो. लोक पत्र लिहून झाल्यावर शेंगा, काकड्या, कधी अंडी ठेवून जात. मी नको नको म्हणायचो आणि घ्यायचो.

पत्रं लिहायला येणाऱ्यांत वरच्या धनगरवाड्यावरचा एक मेंढपाळ होता. पन्नाशीचा असेल. अंगाने काटक, बोलायला थोडा अडखळणारा. एखादा शब्द सापडेपर्यंत तो हातातल्या काठीने जमिनीवर टकटक करत राहायचा, आणि मला त्या टकटकीचा मनस्वी राग यायचा. त्याच्याकडचा कळप त्याचा नव्हता. भोरातल्या एका पेन्शनर गृहस्थांचा होता. मेंढपाळ तो राखायचा, आणि त्याबद्दल त्याला लोकर आणि काही कोकरं मिळायची. त्या कोकरांतून त्याची स्वतःची चौदा मेंढरं झाली होती. त्यांच्या कानावर वेगळी खूण असायची.

पावसाळ्यात आमच्याकडे मेंढरू टिकत नाही. खुरं कुजतात. म्हणून ज्येष्ठाच्या सुरुवातीला तो आणि त्याचा धाकटा भाऊ कळप घेऊन पूर्वेला, सारोळ्याच्या पलीकडे नीरा ओलांडून कोरड्या मुलखात जायचे आणि दिवाळीनंतर परत यायचे. मग हिवाळाभर खाचरांतून मेंढरं बसवायची, म्हणजे शेतकऱ्याला खत आणि धनगराला धान्य. हा भाऊ त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो रांगत होता. मेंढपाळाच्या बायकोनेच त्याला वाढवला. गडी बोलका आणि हसरा. बाजारात गेला की रिकाम्या हाताने यायचा नाही, वहिनीला बांगड्या तरी आणायचा.

मेंढपाळ विशीने मोजायचा. लोकरीच्या काळ्या दोरीला दर विशीला एक गाठ, आणि वरचं सुटं असेल ते तोंडी. ती दोरी तो कमरेला बांधून हिंडायचा. मला त्याची गंमत वाटायची. मी मुलांना शेकडेवारी शिकवत होतो ना!

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी ज्येष्ठात निघण्यापूर्वी तो ओवरीत आला आणि म्हणाला, "मास्तर, मालकास्नी कार्ड लिवा. औंदा कळप वाढला म्हनावं."

"किती वाढला?"

काठीची टकटक झाली. "आठ विशा व्हत्या गेल्या दिवाळीला. मालक सोता मोजून गेलं व्हतं. आता दर विशीमागं पाच वाढली."

मला ते विशीमागं पाच लिहिणं गावंढळ वाटलं. भोरातले गृहस्थ शिकलेले, कचेरीत नोकरी केलेले. त्यांच्यापुढे आपली लेखणी उजळावी म्हणून मी लिहिलं, 'कळपात शेकडा पंचवीस वाढ झाली आहे.' विसात पाच म्हणजे शंभरात पंचवीस, यात चूक काही नव्हती. एकशेसाठाची दोनशे झाली होती. त्याने मला दोरी दाखवली होती, तिला दहा गाठी होत्या. मी त्या पाहिल्या, पण कशा, तर आपण लहान मुलाची चित्रं पाहतो तशा.

आश्विनात तो एकटाच परत आला. कळप भावाजवळ ठेवून दोन दिवसांची चाल चालून आला होता. चेहरा उतरलेला. मेंढरांत देवीची साथ आली होती.

"लई मेली, मास्तर. दर विशीमागं पाच. भाऊ एकटाच पुरत व्हता, म्या बाकीची घिऊन लांब माळावर गेलो व्हतो. मालकास्नी कळवाया पायजे."

मी कार्ड काढलं आणि लिहिलं, 'देवीच्या साथीने शेकडा पंचवीस मर झाली आहे. साथ आता थांबली आहे.' हेही बरोबरच होतं. दोन्ही कार्डांतला एकूण एक शब्द खरा होता. आजही ती माझ्यासमोर ठेवली तर मला त्यांत दुरुस्ती करता येणार नाही.

आठवड्याने मालकांचं उत्तर आलं. मेंढपाळ त्यासाठी थांबला होता. मी वाचून दाखवलं. 'वाढली तेवढी गेली, ईश्वरेच्छा. मूळची एकशेसाठ तरी राहिली हे नशीब. ती नीट सांभाळावी. कार्तिकात येऊन मोजून घेईन.'

"म्हंजी किती विशा?" त्याने विचारलं.

"आठ."

टकटक सुरू झाली. "न्हाई मास्तर. साडेसात हायती."

"अहो, पंचवीस टक्के वाढली, पंचवीस टक्के मेली. वजा बेरीज फिट्टंफाट. आठच्या आठ राहणार. मोजायला चुकला असाल."

"म्या दोनदा मोजली."

"मग तिसऱ्यांदा मोजा."

त्याने कमरेची दोरी सोडली, बोटांनी गाठी चाचपल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात शाळेची वेळ झाली म्हणून मी उठलो. तो गेला. त्याने तोंड उघडलं होतं हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही, ते पुढे आठवलं आणि मग आठवतच राहिलं.

कार्तिकात कळप परत आला आणि मालक सर्व्हिस मोटारीने नसरापूरपर्यंत आणि तिथून बैलगाडीने आले. पाय दुखरा असल्यामुळे ते वर्षातून एकदाच यायचे. माणूस वाईट नव्हता. येताना शाळेतल्या मुलांना बत्तासे आणले होते. खाचरात दोन माणसांच्या मधून एकेक मेंढरू पुढे सोडत मोजणी झाली. एकशेपन्नास भरली. पुन्हा मोजली, एकशेपन्नास.

"दहा कमी," मालक म्हणाले. आवाज चढला नव्हता. "अरे, दहा कुठं गेली?"

मेंढपाळाने भावाकडे पाहिलं. भावाने झोळीतून एक दोरा काढला. त्यात मेलेल्या मेंढरांचे वाळलेले कान ओवलेले होते. मेंढरू मेलं की खुणेचा कान कापून ठेवायचा आणि मालकाला दाखवायचा, अशी रीत. कान मोजले. पन्नास.

"बघा," भाऊ म्हणाला, "एक बी कमी न्हाई."

मालक माझ्याकडे वळले. त्यांनी खिशातून माझी दोन्ही कार्डं काढली. "मास्तर, ही तुमच्या हातची?"

"हो."

"पंचवीस टक्के वाढ आणि पंचवीस टक्के मर. हिशोबाने किती राहायला हवीत?"

भोवती सगळा गाव. पंचवीस-तीस डोकी माझ्या तोंडाकडे बघत होती. मालकांनी गावात सगळ्यांना सोडून मला विचारलं, याचा मला आनंद झाला होता, हे मी आज लपवत नाही. क्षणभरही न थांबता मी म्हणालो, "एकशेसाठ."

"म्हणजे मेली किती?"

"चाळीस वाढली होती, चाळीस मेली."

"आणि कान पन्नास." मालकांनी तो दोरा हातावर तोलला. "कान जिवंतपणीही कापता येतो. दहा विकली आणि कान कापून ठेवले."

मेंढपाळ पुढे आला. काठी टकटकायला लागली. "मास्तर, पर तवा विशा किती व्हत्या, त्ये तरी..." त्याने दोरी वर धरली. दहा गाठींची दोरी. उन्हात ती मला स्वच्छ दिसत होती.

"दोरी ठेवा खाली," मी म्हणालो. "इथं हिशोब चाललाय."

गावातले दोघेचौघे हसले. मला ते हसणं आवडलं.

मेंढपाळ बिरोबाचा भंडारा उचलायला तयार होता. मालक म्हणाले, शपथेने मेंढरं भरत नाहीत. मग निवाडा झाला. मेंढपाळाच्या स्वतःच्या चौदा मेंढरांतली दहा मालकांच्या कळपात गेली, आणि सबंध कळप वरवे बुद्रुककडच्या दुसऱ्या धनगराकडे द्यायचं ठरलं. मेंढपाळ मालकांकडे पाहत नव्हता, माझ्याकडेही नाही. तो भावाकडे पाहत होता.

कारण मेलेली मेंढरं पुरली होती भावाने. कान कापले होते भावाने. हा लांब माळावर होता. आणि त्या महिन्यात भाऊ दोनदा बाजाराला गेला होता. दोन अधिक दोन चार करायला शेकडेवारी लागत नाही. शिकलेल्या मास्तरने सांगितलं की चाळीस मेली, तर मग चाळीसच मेली असणार. स्वतःच्या बोटांनी बांधलेल्या गाठींपेक्षा त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. मला कुणी चोर म्हटलं असतं तर एवढं लागलं नसतं, जेवढा त्याचा तो विश्वास लागतो.

वर धनगरवाड्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही, नंतर त्याच्या बायकोकडून कळलं. त्याने भावाला एकदाच विचारलं. भाऊ म्हणाला, "दादा, तू बी?" दुसऱ्या दिवशी भाऊ घोंगडं आणि काठी घेऊन उतरला आणि पूर्वेच्या वाटेला लागला. वहिनी ओढ्यापर्यंत मागे धावली. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

इकडे माझं सगळं छान चाललं होतं. मालकांनी भोरहून मला एक दौत पाठवली. आणि त्या निवाड्याचा मला इतका अभिमान, की मी त्याचं शाळेत गणित केलं. चौथीच्या पोरांना नुसते आकडे कळत नाहीत, म्हणून चिंचोके मागवले. म्हटलं, आज तुम्हाला दाखवतो, वाढ आणि तूट सारखी असली की माणूस जिथल्या तिथे येतो.

ओवरीच्या फरशीवर विसाविसाचे आठ ढीग मांडले. "ही झाली मेंढरं. आता शेकडा पंचवीस वाढ, म्हणजे दर ढिगात पाच घाला." पोरांनी घातले. "आता पुन्हा विसाविसाचे ढीग करा." ढीग झाले दहा. "आता शेकडा पंचवीस मर. दर ढिगातून पाच काढा."

पोरं काढत होती. पहिला ढीग, दुसरा, तिसरा. आठव्या ढिगाशी माझ्या हिशोबाचे चाळीस भरले. पण पोरं थांबली नाहीत, कारण ढीग संपले नव्हते. नववा. दहावा. काढलेल्या चिंचोक्यांचा एक वेगळा ढीग झाला.

"मोजा," मी म्हणालो.

उरलेले भरले एकशेपन्नास. काढलेले पन्नास.

"गुरुजी, धा कमी आलं," पोरं ओरडली. त्यांना वाटलं आपलंच कुठं चुकलं. एकजण तर खांबामागे सांडलेले चिंचोके शोधायला लागला.

वाढताना विशा आठ होत्या, मरताना दहा. एवढंच. आठ वेळा पाच आले, दहा वेळा पाच गेले. पंचवीस टक्के ते पंचवीस टक्केच, पण कशाचे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. वाढीचे पंचवीस एकशेसाठावरचे होते आणि मरीचे पंचवीस दोनशेवरचे. मेंढपाळ मला तेच विचारत होता. 'तवा विशा किती व्हत्या.' अख्ख्या गावात तो एकटा बरोबर होता आणि मी त्याला दोरी खाली ठेवायला लावली होती.

मी पोरांना सुट्टी दिली आणि त्याच पावली वर वाड्याकडे निघालो. दीड तासाची चढण. वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्यात स्वतःला थोडं वाचवायला बघत होतो. गणित नाजूक होतं. मालकही फसले. कुणीही फसलं असतं. माणूस किती निर्लज्ज असतो ते चढणीवर कळतं.

तो झोपडीपुढे बसून लोकर पिंजत होता. उरलेली चार मेंढरं जवळच होती. मी त्याच्यासमोर खाली बसलो. जुळवलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, "बाबा, तुमचं बरोबर होतं. पन्नासच मेली. चूक माझी."

खिशातून चिंचोके आणले होते. मांडून दाखवायला लागलो. त्याने दोन ढीग पाहिले आणि हाताने थांबवलं.

"मला ठाव हाय त्ये," तो म्हणाला. मग चिंचोके माझ्याकडे सारून, "ठाव व्हतं. पर तुमी म्हनला, मंग वाटलं, माजंच काय तरी चुकलं."

मी म्हणालो, मी उद्या भोरला जातो, मालकांना सांगतो, तुमची दहा परत आणतो.

"आना," तो म्हणाला. त्यात ना राग होता, ना आनंद. मग पिंजणं थांबवून त्याने विचारलं, "आन् त्याला कोन सांगंल?"

आत त्याची बायको चुलीपाशी होती. हे ऐकून तिने पदर तोंडाला लावला. मला तिच्याकडे बघवेना.

मी खरंच भोरला गेलो. मालकांच्या ओसरीवर चिंचोके मांडले. त्यांनी चष्मा लावून स्वतः मोजले, पुन्हा मोजले, आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "मास्तर, आपण दोघेही शिकलेले." एवढंच बोलले. दहा मेंढरं त्यांनी पंधरवड्यात परत पाठवली, वर दोन कोकरंही दिली. कळपही परत देतो म्हणाले. मेंढपाळाने मेंढरं घेतली. कोकरं आणि कळप घेतला नाही.

भावाचा शोध आम्ही घेतला. सारोळ्याच्या पुलावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्या कळपांना विचारलं. दोन बाजार धुंडाळले. कुणी म्हणालं फलटणकडे दिसला, कुणी म्हणालं मुंबईला गिरणीत गेला. नंतरची तीन वर्षं मी तिथे होतो. दर ज्येष्ठात मेंढपाळ आपली चौदा-पंधरा मेंढरं घेऊन पूर्वेला जायचा, ती चारायला की त्याला शोधायला, हे मी कधी विचारलं नाही.

माझी बदली झाली त्या आठवड्यात तो ओवरीत आला. त्या निवाड्यानंतर पत्र लिहायला प्रथमच आला होता. समोर बसला. काठी बाजूला ठेवली.

"मास्तर, एक कार्ड लिवा. भावाला."

मी कार्ड काढलं. तो सांगू लागला, आणि त्या दिवशी तो कुठेच अडखळला नाही.

"लिवा, दर विशीमागं पाच मेली व्हती. विशा धा व्हत्या. पन्नास व्हती. तू एक बी इकली न्हाईस. म्या मोजून बगितलं. तू ये."

या वेळी मी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले. शेकडा हा शब्द कुठेही आला नाही. खाली त्याने अंगठा उठवला.

मग मी कार्ड उलटं केलं. पत्त्याच्या बाजूला लेखणी टेकवली आणि वर पाहिलं.

तो माझ्याकडेच पाहत होता. त्याला वाटत होतं, मास्तरला पत्ता माहीत असेल.